कंगवा टोचू लागण्याआधीच गोळी

जुन्या नाशकातील एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, "अर्धशिशी उठली की केस विंचरता येत नाहीत. चष्म्याची काडी कानामागे टोचते, ओढणी सैल करावी लागते, वजूचे थंड पाणीसुद्धा चेहऱ्याला झोंबते. घरचे म्हणतात, डोके दुखते ते समजले, पण केस कसे दुखतील? गोळी घेते, तरी उतार पडत नाही. हा माझा भ्रम आहे का?"

नाही, हा भ्रम नाही. एरवी जो स्पर्श दुखत नाही, तो दुखू लागणे याला डॉक्टर 'अ‍ॅलोडिनिया' म्हणतात. अर्धशिशीच्या अनेक रुग्णांना तो होतो. दुखतो तो केस नव्हे, तर केसांखालची त्वचा. आणि त्या त्वचेलाही काही झालेले नसते. बिघाड आत असतो.

मेंदूभोवती एक आवरण असते. अर्धशिशी सुरू झाली की त्या आवरणातील मज्जातंतू चेततात आणि वेदनेचे संदेश मेंदूच्या बुडाशी असलेल्या पेशींकडे पाठवू लागतात. कपाळ, डोके आणि चेहऱ्याच्या त्वचेचे संदेशही त्याच पेशींकडे येतात. तास-दोन तास सतत मारा झाला की या पेशी इतक्या चेततात की कंगव्याचा साधा स्पर्शही त्या वेदना म्हणून पुढे पाठवतात.

हे किती लवकर घडते? अमेरिकेतील बोस्टन येथे रामी बर्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 42 वर्षांच्या एका रुग्णाची त्वचा झटका चालू असताना तपासली. 1 तासाने डोक्याच्या दुखऱ्या बाजूची त्वचा स्पर्शाला आणि थंडीला हळवी झाली होती. 2 तासांनी तोच हळवेपणा डोक्याच्या दुसऱ्या बाजूला आणि दुखऱ्या बाजूच्या हातावर पसरला. 4 तासांनी उष्णताही सोसेना.

गोळीचा प्रश्न इथेच येतो. अर्धशिशीसाठी डॉक्टर 'ट्रिप्टान' गटातील गोळी देतात. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही त्यांची नावे. आवरणाकडून येणारा संदेश आतल्या पेशींपर्यंत पोहोचू न देणे, हे तिचे मुख्य काम. पण आतल्या पेशी एकदा स्वतःच चेतल्या की बाहेरचा संदेश थांबवून फारसा उपयोग होत नाही. याच संशोधकांनी 2004 मध्ये 31 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्वचा हळवी होण्याआधी ट्रिप्टान घेतले, तेव्हा 93 टक्के झटक्यांत 2 तासांत वेदना पूर्ण थांबली. हळवी झाल्यावर घेतले, तेव्हा फक्त 15 टक्के झटक्यांत. उशिरा घेतल्यावर ठणका कमी झाला, पण त्वचेचे दुखणे राहिले. अभ्यास लहान होता. तरीही औषध तेच असून वेळेने किती फरक पडतो, हे त्यातून दिसते.

आता त्या भगिनीचा दिवस पाहू. त्या लिहितात, जोहरच्या सुमारास एका बाजूला ठणका सुरू होतो. "बघू, जाईल" म्हणत त्या स्वयंपाक उरकतात आणि असरच्या वेळी, चष्माही नकोसा झाल्यावर, गोळी घेतात. तोवर दोन-तीन तास गेलेले असतात. शिवाय झटक्यात पोटाचे काम मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी अंगी लागायलाही वेळ लागतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी ठणका सौम्य असतानाच, शक्यतो पहिल्या तासात घ्यावी. ती घरातल्या डब्यात ठेवण्यापेक्षा पर्समध्ये असलेली बरी. झोपेतून उठतानाच डोके हळवे असेल किंवा उलट्या होत असतील, तर तसे डॉक्टरांना सांगावे; नाकात मारायचा फवारा किंवा इंजेक्शन असे पर्याय आहेत.

मात्र लवकर म्हणजे वारंवार नव्हे. महिन्यात 10 किंवा अधिक दिवस ट्रिप्टान, अथवा 15 किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. म्हणून कॅलेंडरवर दोन गोष्टी लिहा: ठणका कधी सुरू झाला आणि गोळी कधी घेतली. झटके वारंवार येत असतील तर ते टाळण्यासाठी रोज घ्यायची औषधे वेगळी असतात. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी ट्रिप्टान घेऊ नये; दुसऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

आणखी एक. पन्नाशीनंतर प्रथमच डोके दुखू लागले, कंगवा लावताना टाळू दुखली, घास चावताना जबडा भरून आला किंवा नजर अंधुक झाली, तर ती अर्धशिशी समजून थांबू नका. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज आल्याने असे होऊ शकते आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.