अब्बांविषयी लिहिताना

आपल्या घरांत आई-वडिलांची तक्रार कागदावर उतरवायला हात धजावत नाही. सूरह बनी इस्राईलमधली २३वी आयत लहानपणापासून कानांवर असते: म्हाताऱ्या आई-वडिलांना साधं ‘उफ’सुद्धा म्हणू नये. पण सूरह निसाच्या १३५व्या आयतीत साक्ष खरी द्यायला सांगितलं आहे, मग ती आई-वडिलांच्या विरुद्ध का जाईना. ती आयत न्यायाच्या साक्षीबद्दल आहे, घरातल्या वहीबद्दल नाही, हे आम्ही जाणतो. तरी अब्बांविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा या दोन्ही आयती आम्हा तिघा भावंडांच्या मनात होत्या.

लिहिणं भाग होतं. मुलं विचारू लागली होती, की दादा मुंब्र्यात राहतात तर आपल्याकडे का येत नाहीत? तोंडी उत्तर देताना आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होतो.

अब्बा कुवेतला नोकरीला होते. ऑगस्ट १९९०मध्ये इराकी फौज कुवेतमध्ये शिरली आणि हजारो हिंदी कामगारांसारखे तेही अम्मानमार्गे विमानानं मुंबईत उतरले. हातात एकच बॅग होती. दीड वर्ष ते गावी होते. १९९२च्या रमजानआधी पुन्हा कुवेतला गेले आणि त्यानंतर त्यांचं एकही पत्र आलं नाही. पुढे त्यांनी दुसरा संसार मांडल्याचं कळलं. २०१४मध्ये त्यांचा फोन आला. मधली बावीस वर्षं बोलणं नव्हतं.

पहिल्या मसुद्याचं पहिलं वाक्य होतं, ‘अब्बांनी आम्हाला सोडलं.’ ते वाचून थोरला म्हणाला, ‘सोडलं म्हणजे काय? ड्राफ्ट येत होते ना?’ तिथेच वाद झाला. मग आम्ही वहीच्या पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने केले: पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं. प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात बसतं ते ठरवत गेलो. ‘सोडलं’ हे तिसऱ्या रकान्यात गेलं. पहिल्या रकान्यात उरलं ते एवढंच: अब्बा गेले, पत्र आलं नाही, पैसे आले.

पैशांची गोष्ट तपासता येण्यासारखी होती. चाचांचं जुनं पासबुक काढलं. १९९६पर्यंत जवळपास दर महिन्याला ड्राफ्ट जमा झालेला दिसला, नंतर एकही नाही. अम्मीला कायम सलत आलं, की पैसे तिच्या नावावर न येता दिराच्या नावावर येत. पण तेव्हा अम्मीचं बँकेत खातं नव्हतं. म्हणजे तो अपमान होता की नाइलाज? गावातल्या दुसऱ्या बायकांनी खाती उघडली होती आणि अब्बांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही, हेही खरं. आम्ही दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्या. मध्ये ‘पण’ घालायचा की ‘आणि’, यावर बराच वेळ गेला. ‘पण’ घातला की नंतरचं वाक्य जड होतं आणि निकाल लागल्यासारखा वाटतो. शेवटी ‘आणि’ ठेवला.

आठवणीही जुळत नव्हत्या. अब्बा गेले तेव्हा थोरला चौदा वर्षांचा होता. कुवेतहून परतल्यावर रात्री अंगणात एकटे बसलेले अब्बा त्याला आठवतात. मधली अकराची होती. तिला वाजणारी भांडी आणि अम्मीचं रडणं आठवतं. धाकटी चारची होती. तिला काहीच आठवत नाही, आणि तेच तिचं दुःख आहे. तिघांचं मिळून एक चित्र करण्याचा प्रयत्न आम्ही सोडून दिला. प्रत्येकाच्या आठवणीपुढे तेव्हाचं वय लिहिलं. चौदा वर्षांच्या मुलाला जे कळतं ते चार वर्षांच्या मुलीला कळत नाही, एवढं वाचणाऱ्याला त्यावरून समजेल.

एक पान कोरं आहे. जाण्याआधीच्या रात्री अम्मी आणि अब्बा यांच्यात काय बोलणं झालं, ते अम्मीला माहीत आहे. आम्ही विचारलं. ती म्हणाली, ‘ते माझं आहे. तुम्ही तुमचं लिहा.’ दोघांमधली गोष्ट मुलांनी अंदाजानं भरून काढली असती तर ती साक्ष राहिली नसती.

अब्बांना वही दाखवायची का, यावर अजून एकमत नाही. थोरला म्हणतो, त्यांनाही स्वतःच्या बाजूनं चार ओळी लिहू द्याव्यात. मधली म्हणते, त्यांना लिहायला बावीस वर्षं होती.

सध्याचं शेवटचं पान असं आहे: थोरला ईदला मुंब्र्याला जातो आणि सलाम करून तासभर बसतो. मधली फोनवर तब्येत विचारते, घरी जात नाही. धाकटी एकदा गेली होती. अब्बांनी तिला ओळखलं नाही आणि तिनंही नाव सांगितलं नाही. ती पुन्हा जाणार का, हे तिनं लिहिलेलं नाही.