पऱ्हाटीच्या जाळावर थंडावा

भावांनो, शेवटचा वेचा झाला की आपण पऱ्हाटी उपटतो आणि धुऱ्यावर पेटवून देतो. इकडे बल्लारपुरात मे महिन्यात दुपारचं दूध संध्याकाळपर्यंत टिकत नाही. जाळ आणि थंडावा यांचा काही संबंध असेल, असं कुणाला वाटत नाही. पण तो आहे. फ्रान्सच्या फर्दिनां कारे याने 1859 सालीच जाळावर बर्फ करणारं यंत्र बनवलं होतं.

गोठ्यात नाकाला झोंबतो तो अमोनिया. नळीतला पातळ अमोनिया उकळताना भोवतीची उष्णता ओढतो, म्हणून नळी थंड पडते. पण झालेली वाफ पुन्हा पातळ करायची तर तिला दाबावं लागतं, आणि वीज खाते ती इथेच. नळी उणे 10 अंशांवर ठेवली तर एक किलो अमोनियाची वाफ सुमारे 420 लिटर जागा व्यापते. तेवढी वाफ दाबायला कॉम्प्रेसरला बरंच बळ लागतं.

कारेने वाफ दाबलीच नाही, पाण्याला पाजली. अमोनियाची पाण्याला मोठी ओढ. किलोभर अमोनिया वाहून न्यायला साधारण नऊ किलो द्राव फिरवावा लागतो, म्हणजे जेमतेम दहा लिटर. 420 लिटर वाफ दाबण्याऐवजी पंपाने दहा लिटर पाणी ढकलायचं. काम वाचतं ते इथे. पुढे हा द्राव 120-130 अंशांवर तापवला की अमोनिया बाहेर पडतो, गार पाण्याच्या नळीभोवती पातळ होतो आणि पुन्हा थंडाव्याला जातो. उरलेलं पाणी परत येऊन नवी वाफ पितं.

समजा, 400 लिटर दूध चार तासांत 35 अंशांवरून 4 अंशांवर आणायचं आहे. कॉम्प्रेसरला साडेचार युनिट वीज लागेल. इथे द्रावाच्या पंपाला अर्धं युनिट पुरे, पण भट्टी बरी असली तरी दहा किलो पऱ्हाटी जळेल. जेवढा थंडावा मिळतो त्याच्या दुप्पट उष्णता घालावी लागते. म्हणून वीज जिथे खात्रीची आहे तिथे कॉम्प्रेसरच परवडतो, हे आम्ही लपवत नाही. आम्ही बोलतो ते पाळीच्या विजेवरच्या गावांबद्दल.

जाळ बेताल झाला तर अमोनियासोबत पाण्याची वाफही थंड नळीत जाते आणि तिथे साचते. यंत्र चालू दिसतं, पण नळी हवी तितकी थंड पडत नाही. हीच त्याची खूण. पाण्याची वाफ मधेच गाळून परत पाठवणारा भाग नसेल तर असं यंत्र घेऊ नका. तांब्यापितळेचा एकही सांधा चालणार नाही, अमोनिया तो खातो. आणि गळती जीवघेणी, म्हणून यंत्र उघड्या शेडमध्ये हवं, घरात नको.

खरी अडचण पाण्याची. घातलेली आणि दुधातून ओढलेली, दोन्ही उष्णता पाण्यातच सोडायची असते. चार तासांत साधारण 60 लिटर पाणी वाफ होऊन उडतं. मे महिन्यात पाणीच कोमट असलं तर ते अमोनिया कमी पितं, आणि नेमकी गरज असते तेव्हा थंडावा घटतो. यंत्र दाखवायला येणाऱ्याला आम्ही हेच विचारणार: तुझे आकडे जानेवारीचे की मेचे?