अंगठा देण्याआधी भाडेकरार अर्ध्या पानावर आणा

समजा, जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट ठरला. भाडे महिना ९ हजार, अनामत ४० हजार, मुदत ११ महिने. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे मशीन घेऊन घरी येतो आणि आठ-दहा पानांचा दस्त स्क्रीनवर भराभर पुढे सरकवत म्हणतो, ‘सगळं नेहमीचंच आहे.’ भाडेकरू अंगठा देतो. चार महिन्यांनी बदली होते आणि ‘नेहमीचं’ म्हणजे काय, ते तेव्हा कळते.

करारात तीन वाक्ये वेगवेगळ्या पानांवर होती. कोणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकेल, हे पहिले. पहिले सहा महिने लॉक-इन राहील, हे दुसरे. घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे कापले जाईल, हे तिसरे. भाडेकरूच्या लक्षात राहिले फक्त पहिले. प्रत्यक्षात लॉक-इनचे उरलेले दोन महिने म्हणजे १८ हजार आणि रंगाचे ९ हजार कापले गेले. ४० हजारांतून हातात आले १३ हजार.

ही तीन वाक्ये शेजारी लिहिली असती, तर घासाघीस त्याच दिवशी झाली असती. करार थोडक्यात उतरवायचा तो यासाठीच. कलमांच्या क्रमाने सारांश काढून उपयोग नाही, कारण एकाच पैशाबद्दलची कलमे विखुरलेली असतात. दस्ताचा मसुदा आदल्या दिवशी मागून घ्यावा. पेन्सिल घेऊन प्रत्येक आकडा, प्रत्येक तारीख आणि ‘लायसेन्सीने द्यावे’ असे जिथे जिथे आहे, ते अधोरेखित करावे. (लायसेन्सी म्हणजे भाडेकरू आणि लायसेन्सर म्हणजे घरमालक, हे दोन शब्द उलटे वाचून फसणारेही कमी नाहीत.) मग अर्ध्या पानावर चारच प्रश्नांची उत्तरे लिहावीत: दरमहा एकूण किती जाणार? मुदत कधी संपणार? मधेच सोडले तर किती जाणार? अनामत किती दिवसांत आणि काय कापून परत मिळणार? चौथ्याचे उत्तर बहुतेक मसुद्यांत ‘हिशेब करून’ एवढेच असते. तिथे ‘चावी देतेवेळी’ किंवा दिवसांचा आकडा लिहून घ्यावा.

तोंडी शब्दावर विसंबू नये, याला कायद्याचे कारण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार लेखी लायसन्स करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्याच कलमानुसार मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. आपल्या उदाहरणात महिन्याला १८ हजार. म्हणून मुदतीची शेवटची तारीख अर्ध्या पानावर सगळ्यात वर हवी.

सोलापुरात पाचवा प्रश्न धरावाच लागतो, तो पाण्याचा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ‘पाणीपट्टी मालक भरेल’ एवढ्या वाक्याने काहीच ठरत नाही. टँकर आला तर पैसे कोणाचे? बोअरच्या मोटारीचे वीजबिल कोणाच्या मीटरवर? साठवणीची टाकी एकट्याची की सामायिक? छापील मसुदे बहुतेक याबाबत गप्प असतात. उन्हाळ्यात हाच खर्च भाड्यावर चढतो.

राहिला नोंदणीचा मुद्दा. ‘११ महिन्यांचा करार, नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे’ हे वाक्य शहरात सर्रास ऐकू येते. ते चूक आहे. एक वर्षाची मर्यादा केंद्राच्या नोंदणी कायद्यातली आहे. राज्याच्या भाडे कायद्याचे कलम ५५ मात्र मुदत न पाहता लेखी करार आणि त्याची नोंदणी बंधनकारक करते. जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी टाळून मालकाचेच नुकसान अधिक.

खर्चाची सबबही टिकत नाही. ११ महिन्यांचे भाडे ९९ हजार, अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरलेले व्याज सुमारे ३,६६७. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. बाकी जाते ती एजंटची मजुरी, आणि ती कोण देणार हेही आधीच विचारावे.

अर्धे पान तयार झाले की ते घरमालकासमोर वाचावे. मालकाने ‘रंगाचे पैसे मी घेत नाही हो’ असे म्हटले, तर एजंटला ते कलम मसुद्यातून तिथेच काढायला सांगावे. अंगठे उमटल्यावर बदल करायचा, तर पुन्हा दस्त आणि पुन्हा खर्च.