एकाच मालाचे दोन डॉलर

न्हावा शेवाला उतरलेल्या मालाची लँडेड कॉस्ट काढताना अनेक आयातदार डॉलरचा एकच भाव धरतात आणि हिशेब तिथेच चुकतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४ नुसार शुल्कासाठी बिल ऑफ एंट्री दाखल केल्या दिवशी लागू असलेला कस्टम्सचा जाहीर दर घेतात. पुरवठादाराचे पैसे मात्र उधारीची मुदत संपल्यावर, बँकेच्या त्या दिवसाच्या विक्री दराने जातात.

समजा, पुण्याच्या कारखान्याने शांघायहून २,००० नग मागवले. एफओबी दर नगाला १० डॉलर, म्हणजे बीजक २०,००० डॉलरचे. जहाजभाडे १,८०० आणि विमा २०० डॉलर धरून सीआयएफ किंमत २२,००० डॉलर झाली. कस्टम्सचा दर ८६ रुपये असेल तर शुल्कपात्र किंमत १८,९२,००० रुपये. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ८.२५ टक्के : १,५६,०९० रुपये.

आता प्रत्यक्ष गेलेला पैसा. दोन महिन्यांनी बँकेने ८७.५० चा दर लावला, तर मालाचे १७,५०,००० रुपये झाले. भाडे-विम्याचे, ते दिले त्या दिवसाच्या दराने, १,७४,०००, आणि टर्मिनल, सीएचए व ट्रकचे ६०,०००. शुल्कासह बेरीज २१,४०,०९० रुपये, म्हणजे नगाला १,०७० रुपये. मालाची किंमतही ८६ नेच धरली असती, तर नगामागे १५ रुपये कागदावरून गायब झाले असते.

या बेरजेत आयजीएसटी नाही, आणि तो नसावाच. शुल्कासह किमतीवर १८ टक्क्यांनी तो साधारण ३,६८,६५६ रुपये होतो. क्रेडिट मिळणाऱ्या कारखान्याने तो खर्चात धरला, तर नग १८४ रुपयांनी महाग दिसेल आणि ऑर्डर हातची जाईल. क्रेडिट मिळत नसेल तर मात्र तो खराच खर्च आहे. रक्कम अडकून पडते त्याचे व्याज दोघांनाही बसतेच.

सर्वांत टाळता येण्याजोगे नुकसान कागदांच्या ढिलाईतून होते. भाड्याची रक्कम सिद्ध करता आली नाही, तर मूल्यांकन नियमांनुसार एफओबीच्या २० टक्के भाडे धरले जाते, विम्यासाठी १.१२५ टक्के. वरच्या उदाहरणात शुल्कपात्र किंमत २४,२२५ डॉलरवर जाते आणि सुमारे १५,८०० रुपये शुल्क जादा बसते. बिल ऑफ एंट्रीतला भाड्याचा आकडा एफओबीच्या बरोबर पाचवा हिस्सा दिसला, तर शुल्क भरण्याआधीच सीएचएकडे फॉरवर्डरचे बिल मागावे.

विक्रीची किंमत ठरवताना बँकेचा दर धरायचा असला, तरी ताळेबंदातल्या साठ्याची किंमत तशी नसते. लेखा मानक ११ प्रमाणे खरेदीची नोंद व्यवहाराच्या दिवसाच्या दराने होते आणि नंतरचा विनिमय फरक नफा-तोटा खात्यात जातो. त्यामुळे विक्री विभागाचा आकडा आणि लेखापालाचा आकडा जुळणार नाही. दोन्ही तक्ते वेगळे ठेवावेत, आणि विक्रीच्या तक्त्यात एकूण खर्चाला पेटीतून शाबूत निघालेल्या नगांनीच भागावे. वीस नग फुटले, तर १,०७० चे १,०८१ होतात.