‘योग्य वाटली नाही’ हे कारण नव्हे

१९७४ साली टेल्कोच्या नोकरीची एक जाहिरात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये लागली होती. स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तिथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी ती वाचून जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. कंपनीने त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी दिली. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहिली आहे आणि आपल्यापैकी बहुतेकींना ती ठाऊक आहे. बाईच्या जिद्दीची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो. पण तिच्यातला एक साधा मुद्दा आपल्या नजरेतून सुटतो. त्या पोस्टकार्डाला दाद मिळू शकली, कारण अन्याय छापलेला होता. त्याच्यावर बोट ठेवता येत होतं.

आज पिंपरी, भोसरी, चाकणमधली कुठलीही कंपनी असली ओळ छापणार नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला बंदी केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा वेतन संहितेत विलीन झाला, आणि भरतीतल्या भेदभावाची बंदी संहितेतही आहे. म्हणून भेदभाव संपला असं कुणाला वाटत असेल, तर तिने निवड समितीच्या खोलीत एकदा बसून यावं. फाटकावरची पाटी निघाली, पण ती आत टेबलावर जाऊन बसली. आता ती अर्जांच्या छाननीच्या वेळी तोंडी वाचली जाते आणि कागदावर तिच्या जागी तीन शब्द उमटतात: ‘योग्य वाटली नाही.’

माझं म्हणणं असं की आपली लढाई आता या तीन शब्दांशी आहे. कंपनीत किती बायका घेतल्या हा आकडा आपण मागतो, पण किती जणींना मुलाखतीलाच बोलावलं नाही आणि का, हे सांगणारा कागद मागत नाही. तो कागद म्हणजे निवड समितीच्या बैठकीचं इतिवृत्त.

व्यवहारातलं उदाहरण घेऊ. प्रसंग कल्पित आहे, पण असली इतिवृत्तं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो परका वाटणार नाही. समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला तीन क्वालिटी इन्स्पेक्टर हवे आहेत. अर्ज आले चाळीस, मुलाखतीला बोलवायचे दहा. जाहिरातीत तीन अटी आहेत: मेकॅनिकलचा डिप्लोमा, तपासणीच्या कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव, आणि व्हर्नियर, मायक्रोमीटर व ड्रॉइंग वापरता येणं.

सतरा नंबरचा अर्ज एका बाईचा आहे. डिप्लोमा आहे, भोसरीच्या कारखान्यात तीन वर्षं तपासणीचं काम केल्याचा दाखला आहे, त्यानंतर दोन वर्षं ती घरी होती. तिच्यापुढे शेरा पडतो: ‘अनुभवात खंड. शिफ्टच्या कामासाठी योग्य वाटत नाही.’ तेवीस नंबरचा अर्ज एका पुरुषाचा आहे. डिप्लोमा तोच, अनुभव दोन वर्षांचा, आणि त्यानंतर दोन वर्षं तोही घरीच होता. त्याच्यापुढे शेरा आहे: ‘स्पर्धा परीक्षांची तयारी करत होता. होतकरू. बोलवावे.’

दोन्ही शेरे एकाच हाताने, एकाच दुपारी लिहिलेले आहेत. लिहिणारा दुष्ट असेल असंही नाही. त्याच्या डोक्यात पुरुषाची रिकामी दोन वर्षं म्हणजे तयारी आणि बाईची रिकामी दोन वर्षं म्हणजे माघार, एवढंच. जाहिरातीत मात्र ‘खंड नसावा’ अशी अट कुठेच नव्हती. ती अर्ज वाचता वाचता जन्माला आली आणि एकीलाच लागू झाली. शिफ्टचंही तसंच. रात्रपाळीला तयार आहे का, हे तिला कुणी विचारलंच नाही. आजच्या कायद्यात स्त्रीला रात्रपाळी देताना तिची संमती लागते. म्हणजे निर्णय तिचा आहे. समितीने तो तिच्या वतीने परस्पर घेऊन टाकला.

आता हेच इतिवृत्त नीट लिहायचं तर काय करावं लागेल? पहिलं म्हणजे अर्जांचे लखोटे उघडण्याआधी निकष लिहून, त्यावर तारीख घालून सर्वांनी सह्या करायच्या. निकष तेच, जे जाहिरातीत आहेत. प्रत्येक निकषाला शून्य, एक किंवा दोन गुण. दोन कशाला आणि एक कशाला हेही आधीच ठरलेलं. गुण सारखे पडले तर कुणाला आधी बोलवायचं, उदाहरणार्थ ज्याचा तपासणीचा अनुभव जास्त त्याला, हेही आधीच. मग प्रत्येक अर्जापुढे एक ओळ: कुठल्या निकषावर किती गुण आणि अर्जातल्या कुठल्या कागदावरून.

या रीतीने सतरा नंबरची नोंद अशी होते: ‘डिप्लोमा मेकॅनिकल, २. तपासणीचा अनुभव तीन वर्षे, दाखला जोडला आहे, २. उपकरणे वापरल्याचा उल्लेख आहे, ड्रॉइंगचा नाही, १. एकूण ५. बोलवावे.’ तेवीस नंबरचेही पाचच होतात आणि तोही येतो. खंडाचा प्रश्न समितीला खरंच महत्त्वाचा वाटत असेल, तर तो जाहिरातीत घालावा आणि दोघांनाही लावावा. मग दोघेही जातील किंवा दोघेही राहतील.

एकतीस नंबरचा अर्जही पाहू. तोही बाईचाच आहे, पण डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. नोंद अशी पडेल: ‘मेकॅनिकल डिप्लोमाची अट पूर्ण नाही, ०. आवश्यक अट असल्याने बोलावू नये.’ ही नकाराची नोंद आहे आणि ती न्याय्य आहे. त्या मुलीने विचारलं तर तिला ती जशीच्या तशी वाचून दाखवता येईल. मुद्दाम हे उदाहरण घेतलं, कारण ‘तुम्हाला बायकांना सरसकट घ्यायला हवं’ हा टोमणा आपल्याला नेहमी ऐकावा लागतो. आपल्याला सरसकट काहीच नको. नकारसुद्धा कारणासकट हवा.

कायदा इथे आपल्याला किती साथ देतो? थोडीच, हे समजून असावं. नियमात तशी तरतूद नसेल तर निवड समितीने प्रत्येक उमेदवाराबाबत कारणं नोंदवलीच पाहिजेत असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेच्या प्रकरणात म्हटलेलं आहे. मालकांचे वकील ते पुढे करतात. पण त्याच न्यायालयाने अजय हसिया प्रकरणात, श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोन-तीन मिनिटांत उरकलेल्या आणि घरदार विचारणाऱ्या मुलाखतींवर कडक ताशेरे ओढले. १९९१ मध्ये नीरा माथूर यांच्या खटल्यात, मासिक पाळीची आणि बाळंतपणांची माहिती मागणारे रकाने आयुर्विमा महामंडळाला आपल्या फॉर्ममधून काढायला लावले. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सांगितलं की सरकारी भरती एकदा सुरू झाल्यावर, नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर, निवडीचे निकष मध्येच बदलता येत नाहीत. हे निवाडे सरकारी नोकऱ्या आणि सार्वजनिक संस्थांचे आहेत. खासगी कारखान्याला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण निकष बदलले की नाही हे कळणार कशावरून? इतिवृत्तावरूनच. कारण नोंदवायची सक्ती नाही म्हणून ते नोंदवू नये असा अर्थ होत नाही. ज्या समितीकडे कारण असतं तिला ते लिहायला पाच मिनिटं लागतात.

एक आक्षेप आपल्याच मैत्रिणी घेतात. त्या म्हणतात, लिहायची सक्ती केली तर साहेब हुशार होतील, गोड भाषेत खोटं लिहितील. लिहितील, मान्य आहे. पण एक खोटं पचवणं सोपं असतं. चाळीस ओळींमध्ये तेच खोटं सांभाळणं अवघड जातं. निकषाला बांधलेली कारणं एकाखाली एक आली की तुलना करता येते. सतरा आणि तेवीस शेजारी ठेवता येतात. ‘योग्य वाटली नाही’ मात्र कशाशीच ताडून पाहता येत नाही. म्हणूनच ते इतकं लोकप्रिय आहे.

मागाहून रचलेलं इतिवृत्त ओळखूही येतं. निकषांच्या कागदावर तारीख नसते किंवा छाननीनंतरची असते. सगळ्या सदस्यांचे गुण अर्ध्या गुणाचाही फरक न पडता सारखे असतात. खाडाखोडीवर आद्याक्षरी नसते. नापसंतीच्या रकान्यात एकच वाक्य पानभर उतरलेलं असतं. आणि ‘लांब राहते’, ‘लग्न ठरलंय’, ‘टिकणार नाही’ हे शेरे फक्त बायकांच्या नावापुढे असतात. असा कागद हाती आला तर वेगळा पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मर्यादाही सांगायला हवी. या पट्ट्यातल्या कितीतरी बायका ठेकेदारामार्फत कामाला लागतात. तिथे समिती नसते, इतिवृत्त नसतं. ठेकेदाराचा फोन हीच निवड. त्यांच्यासाठी वेगळी लढाई लढावी लागेल. महापालिकेसारख्या सरकारी भरतीत इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येतं. खासगी कारखान्यात तो अधिकार पोचत नाही. तिथे कागद बाहेर येतो तो बहुतेक तंटा झाल्यावरच.

म्हणून जिथे आपला हात पोचतो तिथून सुरुवात करावी. आपल्यातल्या कितीतरी जणींना संस्था-कंपन्या निवड समितीवर ‘बाहेरच्या सदस्य’ म्हणून बोलावतात. चहा येतो, यादी तयारच असते आणि कोऱ्या किंवा अर्ध्या इतिवृत्तावर सही मागितली जाते. ही सही द्यायची नाही. तारखेसकट निकष पाहिल्याशिवाय बसायचं नाही. कुणा सदस्याचं नातेवाईक उमेदवार असेल तर तो बाहेर गेल्याची नोंद मागायची. मत वेगळं असेल तर ते आपल्या शब्दांत लिहायला लावायचं आणि त्याखाली सही करायची. प्रत्येक सदस्याचा गुणांचा मूळ कागद इतिवृत्ताला जोडायला सांगायचं, कारण टंकलिखित बेरजेत मतभेद नाहीसे होतात.

आणि हाच नियम आपल्या संस्थांनाही लावायचा. कार्यकर्ती निवडताना ‘चळवळीतली वाटते’, ‘आपल्यात मिसळेल’ असं आपणही म्हणतो. वस्तीतली दलित किंवा मुसलमान मुलगी या ‘वाटण्या’त किती वेळा मागे राहिली, हे आपल्या इतिवृत्तांतून सांगता येईल का? सांगता येत नसेल, तर कारखान्याच्या साहेबाकडे कारण मागताना आपला आवाज थोडा खाली राहील. आधी आपल्या फायली काढाव्यात, मग त्यांच्या मागाव्यात.