पहिले स्केट्स आजच्या पायाचे

उन्हाळी शिबिरे सुरू झाली की पुण्या-मुंबईपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत हजारो मुले पहिल्यांदा चाकांवर उभी राहतात. त्याआधी घरोघरी स्केट्सची खरेदी होते आणि बहुतेक घरांत ती शाळेच्या बुटांसारखीच होते. पाय वाढता आहे, म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा, पुढे थोडा कापूस किंवा आत जाड मोजे घालायचे, म्हणजे वस्तू दोन वर्षे पुरेल. हा हिशेब काटकसरीचा वाटतो. तो स्केट्सना लागू पडतो का, हे कळण्यासाठी चालण्याचा बूट आणि स्केटचा बूट यांतला फरक आधी समजून घ्यावा लागतो.

चालताना टाच उचलली जाते, बूट चवड्यापाशी वाकतो आणि प्रत्येक पावलाला पाय आत किंचित पुढे सरकतो. त्यासाठी बोटांपुढे मोकळी जागा लागते. स्केटचा तळ वाकतच नाही. त्याखाली धातूची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी असते, तिला फ्रेम म्हणतात, आणि चाके तिच्यात बसवलेली असतात. शिवाय स्केटिंगमध्ये जोर मागे नव्हे, तर बाजूला लावायचा असतो. मूल पाय किंचित कलवून बाहेरच्या दिशेने ढकलते आणि त्या ढकलण्यातून पुढे जाते. म्हणजे पाय कलला की त्याच क्षणी बूट कलला पाहिजे आणि बुटाबरोबर चाके.

बूट मोठा असेल तर ही साखळी मध्येच तुटते. पाय आधी बुटाच्या आत कलतो, मोकळी जागा संपेपर्यंत सरकतो आणि मग कुठे बूट हलतो. मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही. त्याला फक्त चाके ऐकत नाहीत असे वाटते. मग ते बोटे आवळून बुटाचा तळ पकडू पाहते. थोड्याच वेळात तळपाय आणि पोटऱ्या दुखू लागतात. टाच वर-खाली घासून फोड येतात. सगळ्यात ठळक खूण म्हणजे दोन्ही घोटे आतल्या बाजूला पडतात आणि चाके बाहेर फाकतात. हे पाहून आईवडील म्हणतात, मुलाचे घोटे कमजोर आहेत. कधी कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा दोष घोट्याचा नसून मापाचा असतो.

दोन्हींतला फरक ओळखता येतो. मुलाला सपाट जागी सरळ उभे करा आणि मागे बसून पाहा. बूट आणि पाय एकत्र आत कलत असतील, तर नवशिकेपणा, घोट्यातली कमी ताकद, सपाट तळवा किंवा मऊ पडलेला बूट ही कारणे असू शकतात. बूट बऱ्यापैकी सरळ असून आतली टाच मात्र एका बाजूला सरकलेली दिसत असेल किंवा गुडघा वाकवताना टाच तळापासून उचलली जात असेल, तर बूट मोठा आहे. पहिल्या बाबतीत सराव आणि वेळ उपयोगी पडतात. दुसऱ्या बाबतीत कितीही सराव केला तरी उपयोग होत नाही.

म्हणून सुरुवात मापापासून करायची, आणि ते माप बुटाच्या नंबरात नव्हे, मिलिमीटरमध्ये घ्यायचे. आपल्याकडे चालणारा ब्रिटिश नंबर दर टप्प्याला इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढतो. युरोपीय नंबर दर टप्प्याला साधारण पावणेसात मिलिमीटर वाढतो. लहान मुलांचे ब्रिटिश नंबर १३ला संपतात आणि पुन्हा १पासून सुरू होतात. त्यात एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या स्मॉलएवढा असू शकतो. इतक्या गोंधळात पायाची लांबी तेवढी स्थिर राहते. चांगल्या स्केट्सवर किंवा त्यांच्या तक्त्यात ती सेंटिमीटर अथवा मिलिमीटरमध्ये दिलेली असते.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. जमिनीवर भिंतीला लावून कागद ठेवा, मुलाने स्केटिंगला घालायचे तेच पातळ मोजे घालून टाच भिंतीला टेकवावी आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे. बसून घेतलेले माप कमी भरते, कारण भार पडल्यावर तळवा पसरतो. सगळ्यात लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करा. ते बोट अंगठाच असेल असे नाही. दोन्ही पाय मोजा आणि मोठे माप धरा.

एक उदाहरण घेऊ. आठ वर्षांच्या एका मुलीचा डावा पाय २०१ मिलिमीटर आणि उजवा २०४ मिलिमीटर भरला, असे समजा. म्हणजे तिचे माप २०४. तिचे शाळेचे बूट २ नंबरचे आहेत, पण तेही वाढत्या पायाचे म्हणून घेतलेले. तिच्या पायाला खरे तर १ नंबर जवळ आहे. आता वडिलांनी शाळेच्या बुटाचा नंबर सांगितला आणि दुकानदाराने वर आणखी एक नंबर वाढवून ३ नंबरचे स्केट्स दिले, तर मूळ मापावर दोन नंबर, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर जादा चढले. हे नंबरात नेहमी धरलेल्या जागेच्या वर आहे. दोन्ही निर्णय वेगवेगळे पाहिले तर सावध वाटतात. एकत्र आले की मुलीचा पाय बुटात पोहतो.

वाढत्या मुलाच्या स्केटमध्ये पायापुढे साधारण ५ ते ८ मिलिमीटर जागा पुरेशी असते. एक सेंटिमीटर ही शेवटची मर्यादा समजावी. या मुलीला आतून सुमारे २१० मिलिमीटर भरणारा बूट योग्य. तो पाहण्याचा सोपा मार्ग आहे. बुटातली सुटी गादी, म्हणजे इनसोल, बाहेर काढा, तिच्यावर मुलीला उभे करा, टाच मागच्या कडेला जुळवा आणि पुढे किती जागा राहते ते डोळ्यांनी बघा. गादी निघत नसेल, तर दोर न बांधता पाय पुढे सरकवून बोटे टोकाला टेकवा आणि टाचेमागे तुमची करंगळी घालून पाहा. ती जेमतेम जात असेल तर ठीक. अंगठा आरामात जात असेल तर तो जोड परत ठेवावा.

आता बूट नीट घालायचा. बरीच चुकीची मापे इथेच बरोबर किंवा बरोबर मापे चुकीची वाटतात. मोजा एकच, पातळ आणि बुटाच्या वरपर्यंत येणारा. पाय घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटून मागच्या खोबणीत बसवावी. दोर बोटांपाशी सैल, पाय जिथे वाकतो तिथे घट्ट. त्यानंतर घोट्यासमोरचा तिरका पट्टा आवळावा. टाच जागेवर धरून ठेवण्याचे काम तोच करतो. वरचे बक्कल शेवटी, गुडघा वाकवता येईल इतपत. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या टोकाला हलकी लागली तरी चालेल. गुडघे वाकवल्यावर पाय मागे जातो आणि बोटे मोकळी होतात. स्केटिंग वाकलेल्या गुडघ्यांनीच होते, तेव्हा निर्णयही त्याच स्थितीत करावा.

दुकानात निदान दहा मिनिटे बूट पायात ठेवायला सांगा. सगळीकडून सारखी घट्ट मिठी वाटणे चांगले, कारण आतले मऊ अस्तर, ज्याला लायनर म्हणतात, काही आठवड्यांत दबून सैल होते. आज सैल वाटणारा बूट पुढच्या महिन्यात आणखी सैल होणार. मात्र एखाद्या बिंदूवर टोचत असेल, करंगळीची बाजू दाबली जात असेल किंवा घोट्याचे हाड रुतत असेल, तर तो आकार त्या पायाचा नाही. पायाला मुंग्या येत असतील तर आधी मधले दोर सैल करून पाहा. तरीही आल्या तर दुसरा जोड मागा. रुंद पायासाठी लांबी वाढवून घेणे हा उपाय नव्हे, त्याने टाच सुटते.

जाड मोजे आणि कापूस यांनी मोठा बूट लहान होत नाही. दोन्ही दाबाखाली चेपतात आणि पाय हलतच राहतो, वर घाम आणि घर्षण वाढते.

खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. या वयात पाय वर्षाला साधारण एका नंबरने वाढतो. त्यावर लांबी बदलता येणारे, म्हणजे ॲडजस्टेबल स्केट्स हा बाजारात मिळणारा रास्त तोडगा आहे. बटण दाबून किंवा पेच फिरवून पुढचा भाग तीन-चार नंबरांपर्यंत पुढे सरकतो. त्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. लांबी वाढते, पण घोट्याभोवतीचा भाग आणि टाचेची खोबण बहुधा तेवढीच राहते. त्यामुळे सगळ्यात लहान टप्प्यावर टाच हलते का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. घेतल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी पाय मोजून एकेक टप्पा वाढवावा, पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत ओढून ठेवू नये. नेहमीच्या बुटावर पट्ट्यांनी बांधायचे चारचाकी स्केट्स तोल शिकायला चालतात, पण तिथे घोट्याला आधार त्या मऊ बुटाचाच असतो.

दुसरा मार्ग म्हणजे वापरलेला जोड. कडक कवचाचा बूट मुलाचा पाय वाढेपर्यंत क्वचितच झिजतो. लायनर फाटलेले किंवा पूर्ण चेपलेले नाही ना आणि पट्टे घट्ट लागतात ना, एवढे पाहिले तर योग्य मापाचा जुना जोड मोठ्या मापाच्या नव्यापेक्षा केव्हाही सरस.

कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी घरांत हीच खरेदी बर्फावरच्या स्केट्सची होते आणि तिथे चूक जास्त महागात पडते. खाली चार चाकांऐवजी एकच अरुंद पाते असल्याने पायाची आतली हालचाल लगेच तोल घालवते. शिवाय आइस हॉकीचे स्केट्स रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान घ्यावे लागतात. तिथे मागून घेतलेला नेहमीचा नंबरच मोठा ठरतो.

शिबिरे आणि क्लब चालवणाऱ्यांना या कामी बरेच करता येईल. नाव नोंदवतानाच प्रत्येक मुलाचा पाय मोजून मिलिमीटरमधला आकडा पालकांच्या हातात द्यावा आणि लहान झालेले जोड मुलांमुलांत फिरते ठेवावेत. पालकांनीही मूल सोबत नसताना स्केट्स घेऊ नयेत. ऑनलाइन घ्यायचेच असतील तर बदलून मिळण्याची मुदत आधी वाचावी आणि आलेला जोड घरात सतरंजीवर घालून पाहावा, रस्त्यावर नाही. चाके एकदा जमिनीला घासली की बहुतेक विक्रेते जोड परत घेत नाहीत.