बोटावरची शाई आणि मशीनमधला चेहरा

मागच्या जूनमध्ये ताईच्या फोनवर शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मेसेज आला. ‘उद्या सर्व विद्यार्थ्यांचे फेस रजिस्ट्रेशन आहे. गणवेशात पाठवावे.’ सोबत एक फॉर्म होता. त्यावर एकच ओळ होती: ‘माझ्या पाल्याच्या चेहऱ्याची नोंद घेण्यास माझी हरकत नाही.’ खाली सहीची जागा होती. हरकत आहे असं लिहायची जागा नव्हती. ताईनं सही करून दिली. परभणी जिल्ह्यातल्या त्या शाळेत 640 मुलं आहेत, आणि बहुतेक सगळ्यांच्या घरून सही केलेले फॉर्म गेले.

ऑगस्टमध्ये मी गावी गेलो, तर शाळेतून निरोप. “तुमचा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे ना ताई, मशीन जरा बघून जा म्हणावं.” काही मुलं मशीनला ओळखूच येत नव्हती. मी गेलो, क्लार्कच्या खुर्चीत बसलो आणि ब्राउझरमध्ये डॅशबोर्ड उघडला. युजरनेम `admin`, पासवर्डही तोच. आत 640 मुलांचे समोरून काढलेले स्वच्छ फोटो होते आणि प्रत्येकाखाली नाव, इयत्ता, आईचा मोबाइल नंबर. माझा शाळेशी काही संबंध नाही. तरी दोन मिनिटांत मी ते सगळं डाउनलोड करू शकलो असतो.

त्या दिवसापासून मी ज्याला त्याला सांगतोय, की ‘संमती घेतली का’ हा प्रश्न आपण चुकीच्या जागी विचारतोय. हजेरीच्या बाबतीत संमती नावाची गोष्ट मुळात नसते, तिथे आदेश असतो. म्हणून विचारायचं ते हे, की आदेश देणारा आपल्या चेहऱ्याचं नक्की काय साठवतो, कुठे आणि किती दिवस.

आधी मशीन काय करतं ते बघू. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की सॉफ्टवेअर चित्रात चेहरा शोधतं. मग डोळे, नाक, ओठांचे कोपरे यांच्या जागा धरून तो चेहरा सरळ करून घेतं. नंतर एक न्यूरल नेटवर्क त्या चेहऱ्याचे आकडे बनवतं, साधारणपणे 128 किंवा 512. या आकड्यांच्या यादीला टेम्प्लेट म्हणतात. एकाच माणसाच्या दोन फोटोंचे आकडे एकमेकांच्या जवळ पडतात, वेगळ्या माणसांचे लांब. मशीन फक्त जवळीक मोजतं, आणि ती ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेली की ‘हजर’ लिहितं. ही मर्यादा कुठे ठेवायची हे निसर्गानं ठरवलेलं नाही. सेटिंगमध्ये एक स्लायडर असतो, तो कुणीतरी माणूस सरकवतो.

त्या शाळेत तो सरकवला गेला होता. पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या, तेव्हा मशीन बसवणाऱ्याने फोनवर सांगून मर्यादा 0.60 वरून 0.45 वर आणायला लावली. तक्रारी कमी झाल्या. क्लार्कनं मला अडलेली मुलं दाखवली, मी लॉग उघडला आणि एका सकाळपाशी थांबलो. त्या दिवशी सातवीतला एक मुलगा तापानं घरी होता, वर्गशिक्षकांच्या वहीत गैरहजर. मशीनमध्ये मात्र 7 वाजून 12 मिनिटांनी हजर, जुळणी 0.47. त्याच मिनिटाला त्याचा पाचवीतला धाकटा भाऊ दारातून आत गेला होता, आणि मशीनमध्ये त्याची नोंदच नव्हती. धाकट्याचा जूनमधला फोटो उन्हाकडे पाठ करून काढलेला, चेहरा काळवंडलेला. त्याचे आकडे स्वतःच्या फोटोपेक्षा भावाच्या फोटोला जास्त जवळ पडले, आणि खाली आणलेल्या मर्यादेनं ते मान्य केले.

यात कुणाचा खोटेपणा नव्हता. लहान मुलांच्या बाबतीत अशा चुका वाढतात, हे अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं 2019 च्या अहवालात नोंदवलं आहे. शिवाय चेहरा वाढत्या वयात बदलतो, त्यामुळे जूनचा फोटो दोन-तीन वर्षांनी कामाचा राहत नाही. तुलना एकाशी नसून 640 जणांशी होते, हा आणखी एक पेच. नोंद नसलेला कुणी समोर आला, तर एका तुलनेत चुकीची जुळणी होण्याची शक्यता दहा हजारांत एक धरा. 640 तुलनांत मिळून ती सहा टक्क्यांच्या पुढे जाते. मुलांनी आधी कार्ड दाखवलं किंवा हजेरी क्रमांक दाबला, तर तुलना एकाच चेहऱ्याशी होते आणि हा धोका जवळपास नाहीसा होतो. पण ‘कार्डसुद्धा लागत नाही’ हीच तर मशीनची जाहिरात असते.

तुमच्या शाळेत किंवा ऑफिसात हे घडतंय का, हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. एका आठवड्याची मशीनची हजेरी आणि वर्गातली वही शेजारी ठेवा. भावंडं, जुळी आणि चुलत भावंडं आधी तपासा. मर्यादा शेवटची कधी आणि कुणी बदलली, तेही विचारा.

आता साठवणीकडे या. त्या मशीनमध्ये एका मुलाची नोंद साधारण अशी होती (क्रमांक मी बदललाय):

```
{"id": "7B-23",
 "embedding": [0.0312, -0.1178, ...],
 "photo": "7B-23.jpg"}
```

हजेरीसाठी मधली ओळ पुरते. तिसरी ओळ, म्हणजे मूळ फोटो, एकदा टेम्प्लेट बनलं की लागत नाही. तो ठेवतात कारण उद्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की सगळ्यांचे आकडे नव्यानं काढावे लागतात, आणि मुलांना परत रांगेत उभं करण्यापेक्षा फोटो ठेवून देणं विक्रेत्याला सोपं पडतं. त्याच्या सोयीसाठी तुमच्या भाच्याचा चेहरा त्याच्या सर्व्हरवर राहतो. ‘आम्ही फोटो ठेवत नाही, फक्त आकडे ठेवतो’ असं कुणी म्हणालं तरी निर्धास्त होऊ नका, कारण आकड्यांवरून ओळखू येण्याइतपत चेहरा परत उभा करता येतो हे संशोधकांनी दाखवून दिलंय. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बारा वर्षांच्या मुलाचा चेहरा फुटला तर त्यानं काय बदलायचं?

यातून चांगला मार्गही दिसतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 1 मे 2025 पासून वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांची हजेरी आधारच्या चेहरा पडताळणीवर आणि जीपीएसवर नेली. परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही तोच नियम. त्यात चेहरा आधारच्या नोंदीशी जुळवला जातो आणि उत्तर येतं हो किंवा नाही, त्यामुळे कॉलेजला चेहऱ्यांची स्वतःची पेटी भरून ठेवायची गरज नाही. या पद्धतीवर माझे वेगळे आक्षेप आहेत. फोन डॉक्टरचा स्वतःचा, जागेची माहिती त्याची, आणि सगळ्या देशाचे चेहरे एकाच ठिकाणी. पण गावोगावच्या विक्रेत्यांच्या सर्व्हरवर चेहऱ्यांच्या हजार पेट्या होण्यापेक्षा ते बरं.

मात्र तिथेही ‘मी संमती देतो’ वर टिक करताना डॉक्टरला दुसरा पर्याय काय असतो? 2025 मध्येच राज्याच्या महसूल विभागानं फेस अ‍ॅपवरची हजेरी सक्तीची करून पगाराशी जोडली. तलाठ्यानं ‘नको’ म्हटलं तर पगार कसा निघणार? ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर चालत नाही, त्याला दिलेला ‘हो’ संमती ठरत नाही.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. स्वीडनमधल्या शेलेफ्टेओ इथल्या एका शाळेनं 22 विद्यार्थ्यांवर चेहऱ्याच्या हजेरीचा प्रयोग केला. पालकांची संमती घेतली होती. तरी 2019 मध्ये तिथल्या नियंत्रकानं दोन लाख क्रोनर दंड केला, कारण विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो आणि अशा नात्यातली संमती मोकळी नसते. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये सर्को लेझर या कंपनीला 38 केंद्रांतली चेहरा आणि बोटांच्या ठशांची हजेरी थांबवायला आणि साठवलेला डेटा नष्ट करायला सांगण्यात आलं. तिथे कर्मचाऱ्यांना कार्डासारखा पर्याय नीट दिलेलाच नव्हता.

आपला कायदा याबाबत मऊ आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळी, नेमकी आणि बिनशर्त असावी असं लिहिलंय, आणि सूचना मराठीत मागण्याचा हक्कही दिलाय. पण नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय डेटा वापरण्याची वाट त्याच कायद्यात आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या नियमांत शाळांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी नजर ठेवताना पालकांच्या पडताळलेल्या संमतीतून सवलत दिली आहे. चेहऱ्याची हजेरी त्या सवलतीत बसते का, यावर भांडता येईल. तोवर शाळा सवलतीवर बोट ठेवणार. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तर नियम आल्यापासून 18 महिन्यांची मुदत आहे. म्हणजे तो सही केलेला फॉर्म ताईचं रक्षण करत नाही. उद्या डेटा फुटला तर ‘तुम्हीच सही केली होती’ एवढं म्हणायला तो शाळेच्या कामी येईल.

मुख्याध्यापक सरांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “अहो, पण बोगस पटाचं काय करायचं? आपल्या भागात काय काय झालंय, तुम्हाला माहीत नाही.” मला माहीत आहे, आणि त्यांचा मुद्दा खरा आहे. शेजारच्या नांदेडमध्ये जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांची तपासणी केली, तेव्हा कागदावरची मुलं उघडी पडली. मग ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून काय केलं होतं? निवडणुकीसारखी मुलांच्या बोटाला शाई लावली होती. राज्यातला एवढा मोठा घोटाळा त्या शाईनं बाहेर काढला. काही आठवड्यांत शाई निघून गेली, आणि कुठल्याही सर्व्हरवर एकाही मुलाचं काही उरलं नाही.

बोगस पट मुलं करत नाहीत, संस्था करते. आणि मशीनची किल्ली त्याच संस्थेच्या हातात असते. ज्याला खोटी नावं घालायची, तो डॅशबोर्डवरही घालेल. रोजगार हमीच्या कामांवर अ‍ॅपमधून मजुरांचे फोटो टाकायची पद्धत आली, तर लोक फोटोचाच फोटो काढून टाकू लागले. जुलै 2025 मध्ये केंद्राला त्यावर परिपत्रक काढावं लागलं. चोरी पकडायला अचानक येणारा बाहेरचा माणूस लागतो. रोज सकाळी 640 मुलांचे चेहरे मोजून तो माणूस तयार होत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कार्ड किंवा वही हा पर्याय खरोखर उपलब्ध असावा, आणि तो घेणाऱ्याला वेगळं उभं करू नये. मशीन ठेवायचंच असेल तर आधी क्रमांक, मग एकाच चेहऱ्याशी तुलना. मूळ फोटो नोंदणीच्या दिवशीच पुसावा. मूल शाळा सोडेल त्या दिवशी दाखल्यासोबत टेम्प्लेट पुसल्याचं लेखी मिळावं. डेटा कुणाच्या सर्व्हरवर आहे, हे मराठीत नोटीस बोर्डावर लागावं.

मी पासवर्ड बदलून दिला आणि मर्यादा परत 0.60 वर नेली. फोटो पुसायचं बटण त्या डॅशबोर्डवर नव्हतंच. सरांनी विक्रेत्याला पत्र पाठवलंय. ताईनंही एक पत्र दिलंय, संमती मागे घेतल्याचं. क्लार्कनं तिला विचारलं, “मग तुमच्या पोराची हजेरी कशी लावायची?”

ताई म्हणाली, “नाव घ्या की त्याचं. ‘हजर’ म्हणतो तो.”